चकची चावी

अप्रेंटिसच्या जागेसाठी बायोडेटात लेथ, ड्रिल, बेंच फिटिंग सगळं लिहून झालं, तरी घरातल्या धाकट्या लेकीच्या जिवाला चैन नव्हती. 'सुरक्षेच्या सवयी' या मथळ्याखाली तिने एकच ओळ खरडली : 'चकची चावी चकमध्ये कधीच राहू देत नाही.' चक म्हणजे लेथचा जबडा; तो आवळायची-सोडवायची चावी आत राहिली तर लेथ सुरू होताच ती गोळीसारखी सुटते.

कारखान्यात फोरमन खेकसला, "लिहितात सगळेच, करून दाखव!" तिने चकमध्ये लोखंडाचा तुकडा आवळला, चावी काढून एप्रनच्या खिशात टाकली, लेथ चालवलं. "कळवू," म्हणत त्याने तिला वाटेला लावलं.

घरी तिच्या येरझारा थांबेनात. "बस गं एका जागी!" आई वैतागली. एप्रन काढताना खिशातलं जड काहीतरी हाताला लागलं. तिने बाहेर काढलं, तर चकची चावी! तेवढ्यात फोन वाजला.

"अगं ए, इथं माझं लेथ अडलंय!" फोरमन कडाडला. "चावी घेऊन उद्या सरळ कामावरच ये."