रुमालाखालचं चौथं बोट

भोकरदनच्या बैलबाजारात भाव तोंडानं सांगायचा नसतो. दलाल आपला हात रुमालाखाली घालतो, विकणाऱ्याची बोटं पकडतो, आणि जितकी बोटं धरली तितका भाव. बघणाऱ्यांना दिसतो तो फक्त हलणारा रुमाल. भुजंगराव दलालाचा हात तीस वर्षं या रंगमंचावर गाजत होता. पडदा असलेला असा हा एकच रंगमंच, की ज्याचं नाटक पडद्याआडच चालतं.

२००३ साली भुजंगरावांनी जालन्याहून जुना मोबाइल आणला. विटेच्या तुकड्याएवढा जाड, वर अँटिनाचं शिंग. खिशात ठेवला तर सदरा एका बाजूला ओघळायचा. पण ओझ्याची अडचण नव्हती. खिशातला फोन लोकांना दिसत नाही, ही खरी अडचण होती. म्हणून तो पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत उजव्या हातात, राजदंडासारखा. बोलणं दिवसातून चार वेळा, धरणं बारा तास. दोन वर्षांत मनगट ठणकू लागलं. ते म्हणायचे, वय झालं.

जावयाला दया आली. दिवाळीला त्यानं नवा फोन दिला. विड्याच्या पानासारखा पातळ, वजन निम्म्याहून कमी, अंगाला आरशाची चकाकी. भुजंगरावांनी तो दोन बोटांत धरून बाजारभर मिरवला. तो गुळगुळीत होता, सटकेल ही धास्ती होती, म्हणून अंगठा आणि बोटं सतत आवळलेली. त्यात बटणं एवढी बारकी की अंगठा वाकवून वाकवून दुखायचा. हलका फोन आला आणि दुखणं वाढलं. जावई म्हणाला, सवय होईल. सवय झाली ती दुखण्याला.

मग तो बाजार उजाडला. कारभारी नावाच्या शेतकऱ्याचा खिलार गोऱ्हा होता. बारा हजारांवर गिऱ्हाईक चारशे द्यायला तयार, बोटाला शंभर. भुजंगरावांनी रुमालाखाली कारभारीची चार बोटं धरली, तोच अंगठ्याच्या मुळातून कळ निघाली, पकड ढिली पडली आणि करंगळी सुटली. कारभारीला तीनच बोटं लागली. तीनशेवर तो हो म्हणाला. व्यवहार उरकल्यावर गिऱ्हाईक चहा पिता पिता बोलून गेलं की आपण तर चारशेला तयार होतो.

कारभारी ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "भुजंगराव, तिकडून चार निघाले, मला तीन पोचले. एक बोट कुठं गेलं?"

भुजंगरावांनी तिथंच शंभर रुपये काढून दिले. पण कारभारीनं ते घेतले नाहीत. रुमालाखालच्या शब्दाला साक्षीदार नसतो. एकदा संशय आला की दलालाचा हात कुणी धरत नाही. त्या दिवशी दुसरा सौदा झाला नाही.

घरी सत्यशीलाबाईंनी नवऱ्याला जालन्याच्या हाडाच्या डॉक्टरकडे पिटाळलं. डॉक्टरांनी अंगठा मुठीत दाबायला लावला आणि मूठ करंगळीकडे झुकवली. भुजंगरावांच्या तोंडून जी किंकाळी निघाली तिला तिकीट लावलं असतं तरी चाललं असतं. अंगठ्याची शीर सुजली आहे, डॉक्टर म्हणाले. जड फोननं मनगट दमवलं, पातळ फोननं बोटं आवळून ठेवायला लावली. फोन हातातून काढा, बोलायचं तेवढंच धरा, पट्टा बांधा.

बाईंनी हे ऐकलं आणि विळा उचलून दाखवला. "याची मूठ पातळ करून देऊ का? गवत कापून दाखवता? मूठ हाताला भरायला पायजे, हे शेतात कळतं अन् बाजारात न्हाई कळत, व्हय?" मग त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्या आरशासारख्या फोनवर चढवला. फोन जाड झाला, खडबडीत झाला, हातात बसला. जावयाचा चेहरा मात्र पडला.

पुढच्या बाजारी भुजंगराव पट्टा बांधून कारभारीसमोर उभे राहिले. त्यांनी बाजाराच्या मधोमध अंगठा मुठीत घेतला, मूठ वाकवली आणि ओरडले. "हे बोट इथं गेलं, कारभारी."

बाजार हसला. नाटक म्हणाला. मग एकेकानं करून बघितलं. शेतकऱ्यांना काही झालं नाही. पण हातात फोन घेऊन मिरवणारे तीन दलाल जागच्या जागी कळवळले, त्यातला एक तर बैलाच्या शिंगाला धरून खाली बसला. कारभारी त्या तिघांकडे बघत राहिला.

"म्हणजे तुमच्या फोनपायी आमचे भाव उतरून राह्यलेत म्हणा की," तो म्हणाला. शंभराची नोट त्यानं मागितली आणि घडी करून टोपीत ठेवली.

चार महिने भुजंगरावांनी उजव्या हातानं चहासुद्धा प्यायला नाही, इतकं त्याला जपलं, असं लोक सांगतात. चहा डाव्यानंच प्यायले. फोन गळ्यातल्या बटव्यात गेला, कुणाला दिसेनासा झाला. पोळ्यानंतरच्या बाजारी कारभारीनं दुसरा गोऱ्हा आणला आणि हात पुढे केला. हातांवर रुमाल पडला. बटव्यात फोन वाजू लागला.

"वाजून राह्यला की, भुजंगराव."

"वाजू दे. हात गुंतलाय."

आणि त्यांनी चारही बोटं, करंगळीसकट, घट्ट धरली.