नकाशातली घडी

तळमजल्यावरच्या बाईंना सगळी इमारत नकाशेकाकू म्हणायची. सगळी नोकरी त्यांनी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर तोच भूगोल फुकट वाटायला काढला. त्यांना आजी म्हणायला मात्र सक्त मनाई होती. एकदा एका लहानग्यानं चुकून आजी म्हटलं, तर त्याला सात राज्यांच्या राजधान्या पाठ करून याव्या लागल्या होत्या.

हल्ली मुलं वही घेऊन येत नसत, फोन घेऊन येत. शाळेतले भूगोलाचे सर नकाशाच्या आराखड्याच्या कागदावर अक्षरं टाकायचे, त्याचा फोटो काढायचे आणि वर्गाच्या ग्रुपवर सोडून द्यायचे. क म्हणजे कोणती नदी, ख म्हणजे कोणतं पठार, ग म्हणजे कोणतं राज्य, आणि प्रत्येकाला एका ओळीचं कारण. फोटोही असे, की निम्म्या नकाशावर सरांच्याच हाताची सावली! काकू तोंडानं सरांचा उद्धार करत आणि झरझर उत्तरं सांगत.

"नकाशात नाव शोधायचं नसतं गं," त्या म्हणत, "शेजार शोधायचा. शेजारी कोण आहे ते कळलं, की हा कोण ते आपोआप कळतं."

हे सगळ्यात नीट कळलं होतं ते वरच्या मजल्यावरच्या भिंगरीला. नववीतली पोर. एका जागी बसणं माहीत नाही, पण नकाशा समोर आला की तासभर हलायची नाही. काकूंचा तिच्यावर जीव होता आणि तिचा काकूंवर आंधळा विश्वास. यातलं दुसरं फार वाईट झालं.

कारण काकूंना दिसत नव्हतं. म्हणजे भिंत दिसायची, दार दिसायचं, माणसाच्या अंगावरच्या शर्टाचा रंग दिसायचा. पण ज्याच्याकडे थेट बघावं, नेमकं तेच धुरकट व्हायचं. समोरच्याचे कान स्पष्ट आणि नाकाच्या जागी डाग, असा प्रकार. मान जराशी वाकडी केली की कडेकडेचं सापडायचं. काकूंनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. मुलाला फोनवर "मी एकदम ठणठणीत" आणि शेजाऱ्यांना "चष्मा जुना झालाय". नकाशाचं काय, तो त्यांच्या डोक्यात होता. किनाऱ्याची रेघ कडेला ओझरती दिसली, की आतलं सगळं त्या आठवणीनं भरून काढत. सर तरी नवीन काय विचारणार? तीच ती चार पठारं आणि त्याच त्या नद्या.

त्या दिवशी भिंगरी नाचतच आली. शाळेच्या अंगणात फरशीवर मोठा नकाशा रंगवायचा होता. या वेळच्या कागदात ज्याची उत्तरं आणि कारणं सगळ्यात चांगली, त्यानं खडूनं आराखडा काढायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या हाताखाली रंग भरायचा. भिंगरीला ते हवंच होतं. तिनं सगळं आधीच एका कागदावर पेन्सिलीनं लिहून आणलं होतं, काकूंनी फक्त बघायचं.

ख बरोबर होतं: माळव्याचं पठार, कारण ते विंध्याच्या उत्तरेला आहे आणि त्यावरून चंबळ, बेतवा या नद्या उत्तरेकडे वाहतात. ग बरोबर होतं: राजस्थान, क्षेत्रफळानं सगळ्यात मोठं आणि समुद्रकिनारा नाही. काकूंनी मान डोलावली.

"आणि क म्हणजे तापी," भिंगरी म्हणाली.

काकूंनी फोन डोळ्यांजवळ नेला, मान वाकडी केली. डाव्या कडेला खंभातच्या आखाताची खाच दिसली. आखाताला मिळणारी, पश्चिमेकडे वाहणारी नदी. आजवर सरांनी दर वेळी नर्मदाच विचारली होती. मधे रेघ कुठून सुरू होते, किती लांब जाते, ते त्या डागाखाली गडप झालं होतं.

"नर्मदा आहे ती."

"पण काकू, ही आखूड वाटते. नर्मदा तर पार अमरकंटकपासून येते ना? आणि बघा, हिच्या वरती आणखी एक लांब रेघ आहे, तिला अक्षरच नाहीये. मला वाटतं ती वरची नर्मदा, मधे सातपुडा आणि खालची ही तापी."

शेजार शोधायचा. पोरीनं काकूंचंच वाक्य काकूंपुढे ठेवलं होतं. काकूंनी फोन उजवीकडे नेला, डावीकडे नेला. वरती काहीही दिसेना. "मला दिसत नाहीये गं," एवढे शब्द पुरले असते. ते ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडले. नकाशेकाकूंना नकाशा दिसत नाही म्हटल्यावर उद्यापासून या दाराची कडी कोण वाजवणार होतं?

"ती रेघ नाही, कागदाची घडी आहे," काकू म्हणाल्या. "सरांनी दुमडलेल्या कागदाचा फोटो काढलाय. खोड ते."

भिंगरी क्षणभर फोनकडे बघत राहिली. मग खोडरबराचा आवाज आला. काकूंना तो स्वच्छ ऐकू आला, कानांना काहीच झालेलं नव्हतं.

दोन-तीन दिवस भिंगरी फिरकली नाही. काकूंचं मन त्यांना खात होतं. पण मनाला गप्प बसवण्यात माणूस मोठा हुशार असतो. असेलही घडी, त्या स्वतःला समजावत. नाही कशावरून? फोन करून विचारावं असं दहादा वाटलं आणि दहादा फोन खाली ठेवला गेला.

शेवटी बातमी जिन्यात कळली. भिंगरीच्याच वर्गातला, पहिल्या मजल्यावरचा मुलगा खिदळत सांगत होता. हिनं कारणातसुद्धा लिहिलं होतं, 'वरची रेघ ही कागदाची घडी आहे.' सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "हिनं नर्मदेची घडी घालून कपाटात ठेवली!" वर्ग हसून लोळला. तेव्हापासून सगळे तिला 'घडी' म्हणतात. अंगणातला नकाशा दुसऱ्याच मुलीला मिळाला.

"आणि सरांनी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? तर म्हणते, मीच लिहिलं!"

काकू जिन्याचा कठडा धरून उभ्या राहिल्या. ओरडली असती पोर, नाव घेतलं असतं, तर बरं झालं असतं. तिनं झाकलं, तेच काकूंना सोसेना. आत्ता वर जावं, दोन शब्द बोलावेत आणि मोकळं व्हावं असं वाटलं. पण पाय आपल्याच दाराकडे वळले. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग एका संध्याकाळी भिंगरीची आई दारात आली. बिचारी कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी बाई. "काकू, एक काम होतं. हिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जाल का? मला सुट्टी मिळेना. ही म्हणते, मला रेघ कुठली आणि घडी कुठली तेच नीट दिसत नाही. अभ्यासाला बसली की दर वाक्याला विचारते, आई, बघ गं, इथे नक्की हेच लिहिलंय ना? मला तर काळजीच लागलीय."

मागे भिंगरी उभी होती, भिंगरीसारखी अजिबात नव्हे. काकूंनी हो म्हटलं. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

वाटेत बोलायचं असं त्यांनी ठरवलं होतं. रस्ता ओलांडल्यावर सांगू, मग कोपऱ्यावर सांगू, मग दवाखान्याच्या पायऱ्या आल्या. भिंगरीनं पायरीपाशी त्यांचा हात धरला. "सांभाळून हं, काकू." सवयीनंच धरला असेल, पण काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत डॉक्टरांनी भिंगरीला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकायला लावला. पोर भीतभीत वाचू लागली. वर मोठा र. खाली न आणि प. त्याखाली ग, ल, च. करता करता ती अगदी तळाच्या, मुंगीएवढ्या ओळीपर्यंत पोचली. दुसऱ्या डोळ्यानंही तेच.

"हिचे डोळे तर घारीचे आहेत," डॉक्टर हसले. "कोणी सांगितलं हिला कमी दिसतं म्हणून? आणि आजी, आलाच आहात तर तुम्हीही बसा. तुम्ही केव्हा तपासले होते?"

आजी म्हटल्याचाही राग आला नाही. काकू खुर्चीत बसल्या. समोरच्या उजेडात पांढरा चौकोन होता आणि चौकोनाच्या मधोमध तो डाग.

"वाचा."

"र," काकू म्हणाल्या. तो खरंच कडेनं थोडा दिसत होता.

"पुढची ओळ?"

"न, प."

"छान. त्याखाली?"

"ग, ल, च."

"वा! या वयात!" डॉक्टर म्हणाले. भिंगरीनं कौतुकानं काकूंकडे पाहिलं. चेहरा दिसत नव्हता, पण ती खुर्चीच्या दांड्याशी सरकली आणि तिचा हात काकूंच्या खांद्यावर आला, त्यावरून कळलं.

आणि काकूंच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा तेच करतोय. समोर न बघता, पाठ असलेलं म्हणतोय. तळाची ओळसुद्धा त्यांना म्हणता आली असती, पोरीनं दोनदा वाचली होती.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मला यातलं काही दिसत नाहीये. हिनं वाचलं ते मी ऐकलं होतं."

डॉक्टरांचा हात दिव्याच्या बटणावरच राहिला. काकूंनी मान वाकडी केली, भिंगरीचा चेहरा कडेला सापडेपर्यंत.

"ती घडी नव्हती गं. मला फोटोत वरती काहीच दिसलं नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटली, म्हणून घडी म्हटलं. तुझं सगळं बरोबर होतं. तापीच होती. तुझे डोळे चांगले आहेत, खराब आहेत ते माझे."

खांद्यावरचा हात निघाला. डॉक्टर उगीच काचा पुसत बसले.

"मी तापी लिहिलं होतं," भिंगरी म्हणाली. "मी ते खोडलं."

"माझ्यामुळे खोडलंस. उद्या मी शाळेत येते. सरांसमोर, वर्गासमोर सांगते."

"नकाशा रंगवून झाला, काकू."

काकूंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मग तेव्हा दिसत नाही असं का नाही म्हणालात?"

"मला वाटलं, तू येणं बंद करशील."

भिंगरीनं डोळे पुसले आणि रागानंच म्हणाली, "मी वाचून दाखवलं असतं की! आखाताला मिळते, आखूड आहे, वरती दुसरी नदी आहे, असं सगळं सांगितलं असतं. तुम्हाला नुसतं ऐकायचं तर होतं."

काकू खाली मान घालून बसल्या. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही, याचंच त्यांना रडू आलं. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, डोळे तपासले, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधल्या भागाचं काहीतरी म्हणाले आणि मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. फार आधी यायला हवं होतं, हेही म्हणाले.

बाहेर पायऱ्यांपाशी काकू थांबल्या. या वेळी भिंगरीनं हात धरला नाही. ती दोन पायऱ्या पुढे उतरली, थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "अजून तीन पायऱ्या आहेत. शेवटची उंच आहे."

काकूंनी मुकाट्यानं ऐकलं आणि पाय टाकला.