हिरड्यांभोवतीचं लाल वर्तुळ

बोईसरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लोकांचे चेहरे दुरुस्त करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असे. तोंडाला लगाम नसलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार.

जवळच्या मुरबे गावची एक मुलगी लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढायला आली. तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होती. माझा पंखा अडकून कर्रकर्र करायला लागला आणि मी त्याला माणसाला घालाव्यात तशा शिव्या घालू लागलो, तेव्हा ती खळखळून हसली. मी तेवढ्यात बटण दाबलं. फोटो झकास आला. फक्त वरचा ओठ पार वर गेला होता आणि हिरड्या लाइटमध्ये चमकत होत्या.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून तिला पुन्हा हसू आलं. "काका, केवढ्या हिरड्या दिसतात माज्या. जरा कमी करा. पण दात माजेच ठेवा हां, आमच्या घरात सगल्यांचे असेच हायेत."

मी घाई केली. दातांचा पांढरा रंग उचलून हिरड्यांवर ओढला. हिरड्या गेल्या, पण दात घोड्याएवढे लांब झाले. ती म्हणाली, "हे दात माजे नाय." पोरीसमोर माझे कान तापले.

मग नीट बसलो. आधी दात गोठवून घेतले, म्हणजे काही केलं तरी ते जागचे हलणार नाहीत. मोठा, मऊ कडेचा ब्रश घेऊन वरचा ओठ हलक्या हाताने थोडा थोडा खाली सरकवला. हिरडीची पट्टी निम्मी राहिली तिथे थांबलो. पूर्ण झाकली असती तर गाल खळखळून हसणारे आणि ओठ मात्र गप्प, असं विचित्र ध्यान दिसलं असतं. उरलेल्या हिरडीची चमक आणि लाली जराशी उतरवली. दातांच्या फटीतले गुलाबी कोपरे तसेच ठेवले, कारण ते भरले की दाताचा आकार बदलतो. एवढंच. ती बघून म्हणाली, "आता मीच हाय." खूश होऊन गेली.

इथवर सगळं ठीक होतं. पण मला माझ्या कामाची मिजास आली. आम्ही स्टुडिओवाले असं काम झालं की आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकतो, गिऱ्हाईक येतं. मी टाकला. डोळ्यांवर काळी पट्टी मारली, म्हणजे जबाबदारी संपली. आणि पहिल्या फोटोत तिच्या हिरड्यांभोवती लाल वर्तुळ काढून वर लिहिलं, 'दोष'. तिला विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी बायकोने पाहिलं. "अहो, डोळे झाकून काय उपयोग? तिला हसण्यावरूनच ओळखतील की." मी तिच्यावरच खेकसलो आणि मग गुपचूप स्टेटस काढून टाकलं. तोवर मुलीच्या कारखान्यातल्या कुणीतरी ते ग्रुपवर फिरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "काका, तो दोष हाय, असं तुमाला पयल्यापासनं वाटत व्हतं?" मी नाही म्हणालो, माफी मागितली, पुन्हा पुन्हा मागितली. ती "बरं" म्हणाली.

पुढे वाणगावच्या मुलाशी तिचं जमलं असं कानावर आलं. मला हायसं वाटलं. चला, काही बिघडलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. या निर्लज्जपणाची मला आजही लाज वाटते.

साखरपुड्याआधी दोघं जोडीने फोटो काढायला माझ्याकडेच आली. आग्रह त्या मुलाचा होता. बायोडेटातला फोटो त्याने पाकिटात ठेवला होता. त्याने तो काढून मला दाखवला आणि म्हणाला, "काका, असाच काढा. मी हा बघूनच हो बोललो. पण ही आमच्यासमोर कधी अशी हासतच नाय. तुमी कसं हासवलं व्हतं?"

ती खाली बघत होती. तिने त्याला त्या स्टेटसबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. त्याने तिला कोपराने ढोसलं, काहीतरी कानात सांगितलं. तिला हसू फुटलं, आणि त्याच क्षणी तिचा हात तोंडावर गेला. हाताच्या वरून तिने माझ्याकडे पाहिलं.

मी कॅमेऱ्याआड तोंड लपवलं. हात खाली घे, असं तिला सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी तिनेच हात काढला, ओठ घट्ट मिटले आणि म्हणाली, "काढा, काका." मी फोटो काढला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीही नव्हतं.