काळी टाच

भिंगरीला कुणी "जरा बैस" म्हटलं, की दात काढायला बोलावल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा. नाव सासूने ठेवलेलं, आणि सासू उगाच नावं ठेवणारी बाई नव्हती. दोन पोरं शाळेला लागल्यावर भिंगरी नर्सिंगला गेली. वॉर्डात तिच्या घाईचा सगळ्यांना फायदा. परीक्षेत मात्र घाईच नडायची. समोरच्याचा प्रश्न अर्ध्यात असायचा, हिचं उत्तर देऊन झालेलं असायचं.

मागच्या प्रॅक्टिकलला तेच झालं. एका आजीच्या टाचेवर अंथरुणाला खिळून झालेल्या जखमेची काळी, कोरडी, घट्ट चिकटलेली खपली होती. भिंगरीने ट्रेमधली जेलची नळी उचलली आणि म्हणाली, "मऊ करून काढू." ती तिथेच नापास झाली. तिच्या ट्यूटर मॅडम नंतर म्हणाल्या, "अगं, टाचेची कोरडी खपली म्हणजे झाकण. भिजवायची नाही, सोलायची नाही. टाच गादीवरून उचलून ठेवायची आणि लक्ष ठेवायचं. तुला काहीतरी केल्याशिवाय चैनच पडत नाही!"

आता ही शेवटची संधी होती. हुकली तर कोर्समधून नाव जाणार होतं.

नवरा शिंपी. मशीन चालवता चालवता तो पुस्तकातून अशा जखमांचे प्रश्न विचारी.

"लाल झालंय, दाबलं तरी पांढरं होत नाही, कातडी शाबूत."

"पहिली स्टेज. चोळायचं नाही."

"पाण्याने भरलेला फोड."

"दुसरी."

"खोल खड्डा, चरबी दिसतेय, पाणी खूप गळतंय."

"तिसरी! अल्जिनेट भरायचं, ते पाणी शोषून घेतं."

"मी अजून विचारतोय! ड्रेसिंगपर्यंत पोचलो पण नाही."

"मग जरा लवकर विचार की."

"काळी टाच?"

इथे तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. "स्टेज सांगता येत नाही, तळ झाकलाय. हात लावायचा नाही." मग हेच वाक्य ती भांडी घासताना म्हणू लागली, जिन्यात म्हणू लागली, झोपेतही म्हणाली. सासू धाकट्या नातवाला म्हणाली, "तुझ्या आईला आता टाच लागलीय."

परीक्षेच्या दिवशी खाटेवर एक आजोबा होते, उताणे, दोन्ही टाचा गादीत रुतलेल्या. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी सकाळचा ड्रेसिंगचा शेरा वाचून ही केस निवडली होती. त्यांनी पट्टी उघडली. काळी टाच!

"या जखमेचं–"

"स्टेज सांगता येत नाही, तळ झाकलाय, खपलीला हात लावायचा नाही, कोरडी ठेवायची, पोटरीखाली उशी, टाच अधांतरी."

परीक्षक बाईंचं पेन कागदावर टेकलं. "बरोबर. पोझिशन?"

"दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर नाही, तीस अंश. खुर्चीत असतील तर तासाने. वळवताना कातडी बघायची; लाली जात नसेल तर आणखी लवकर वळवायचं."

झालं. आता गप्प उभं राहायचं होतं, तेवढंच. पण भिंगरीचे डोळे तिच्या हातांपेक्षा चंचल. ते खपलीच्या कडेवर गेले. मागच्या बाजूला कड किंचित सुटली होती आणि खाली ओल चमकत होती. भोवतीची कातडी लाल. तिने हातमोजा चढवून आजोबांचा पाय हळूच उचलला, कडेजवळ बोट टेकवलं. उबदार, पिलपिलीत. आजोबा कण्हले.

"वेळ संपली," परीक्षक बाई म्हणाल्या.

बरोबर आलेलं उत्तर हातात होतं. तोंड उघडलं तर तेही जायचं.

"बाई, माझं उत्तर चुकलं."

"बरोबर होतं."

"कोरड्या टाचेसाठी. ही कोरडी राहिली नाही. कड सुटलीय, पाणी येतंय, भोवती गरम लागतंय. ही नुसती झाकून सोडायची नाही. आत्ता डॉक्टरांना दाखवायला हवी. पायात रक्त नीट पोचतंय का तेही बघावं लागेल, मग काढायची की नाही ते तेच ठरवतील. मी नाही सोलणार."

परीक्षक बाई उठल्या. वाकून पाहिलं. चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिलं. "सकाळच्या शेऱ्यात कोरडी लिहिलीय."

"सकाळी असेल."

बाईंनी हातमोजा घातला, स्वतः बोट लावलं आणि वॉर्डच्या सिस्टरला हाक मारली, "सर्जनना बोलवा, लगेच." मग त्या कागदाकडे वळल्या.

"दोन उत्तरं झाली तुमची. कुठलं लिहू?"

"दुसरं," भिंगरी म्हणाली.

पेन चाललं. एक ओळ खोडली गेली, खाली नवी आली. "पास," बाई वर न बघता म्हणाल्या. "पण दुसऱ्याचा प्रश्न पुरा ऐकत चला. पुढच्या कोण?"

भिंगरी हलली नाही. आजोबांचा पाय तिच्या तळहातावर होता, आणि ठेवायला उशी अजून कुणी आणली नव्हती.