घोडा दिल्यानंतर

बुद्धिबळाच्या बाईंकडे आता एकच विद्यार्थिनी उरली होती. डावाच्या सुरुवातीची एक मांडणी शिकवताना बाईंनी उंट मागे घ्यायला सांगितला, तेव्हा मुलीच्या बापाने चाली सुचवणारं बुद्धिबळाचं इंजिन उघडून मोबाइल पुढे केला.

"इंजिन घोड्याचा बळी द्या म्हणतंय. त्याच्या चालीला गुण शून्य पूर्णांक नऊ, तुमच्या चालीला शून्य पूर्णांक सहा."

"एक गुण म्हणजे एक प्यादं. फरक प्याद्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नाही. तोही पुढचं सगळं अचूक खेळलात तर." बाई मुलीकडे वळल्या. "घोडा दिल्यावर काय खेळशील गं?"

मुलगी बापाच्या मोबाइलकडे बघू लागली.

"आधी स्वतः शोध. मग इंजिनला विचार, त्याची चाल का चांगली ते खेळून बघ."

"यंत्रापेक्षा तुम्ही शहाण्या!" बाप हसला.

स्पर्धेत तीच मांडणी आली. मुलीने घोडा दिला, पुढचं सुचेना, ती हरली.

"पुढचं बाईंनी शिकवलंच नाही," म्हणत बापाने शिकवणी बंद केली. बाईंनी पट गुंडाळला.