दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे

उरणच्या मोरा कोळीवाड्यातली जागृती न्हावा शेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटाकडे आयात मालाची कागदपत्रं भरायची. दर दोन महिन्यांनी घसा धरायचा, ताप यायचा. शेवटी मंगळवारी टॉन्सिल काढून टाकले.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "दोन आठवडे घरीच. बोलणं कमी, प्रवास नको. पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं."

जागृतीनं मॅनेजर हरेशना मेल केला. पहिला आठवडा आजारपणाची रजा आणि दुसरा आठवडा घरून काम. फाइलिंग सगळं ऑनलाइनच होतं, फक्त फोन घेता येणार नव्हते. सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं.

हरेशचा लगेच फोन आला. "अगं, टॉन्सिलच ना? माझी पोरगी चौथ्या दिवशी शाळेत गेली. घरून काम एकाला दिलं तर उद्या सगळे मागतील. सोमवारी ये, जमलं नाही तर बघू."

"सर, डॉक्टर म्हणाले..." पुढचं दुखण्यानं निघेना.

खरं तर तिलाही वाटलं, आपणच फार लाड करून घेतोय की काय. सोमवारी ती गेली.

दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या घशात काहीतरी सुटल्यासारखं झालं. तोंडात गरम, खारट चव आली. तिनं रुमाल धरला आणि रुमाल लालभडक झाला. हात, की-बोर्ड, टेबल, सगळीकडे रक्त. किंचाळायला तोंड उघडलं तर आणखीच आलं. तिला कळेचना, एवढं आपल्यातून येतंय!

"सर!" शेजारच्या टेबलावरची अक्षता ओरडली.

हरेश धावत आले आणि जागच्या जागी थिजले. मग भानावर येऊन त्यांनी गाडी काढली.

हॉस्पिटलात तिला थेट ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. भूल देऊन रक्तवाहिनी डागून बंद करावी लागली. बाहेर तिची आई वेणूबाई पोचली. "काय झाला माझे पोरीला? कोनी पाठवली तिला कामाला?"

डॉक्टरही वैतागले होते. "मी दोन आठवडे घरी सांगितलं होतं ना?"

हरेशच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. "तिनं सांगितलं होतं. मीच नको म्हटलं." वेणूबाई वळून थिएटरच्या दाराकडे गेली. शिव्या येतील म्हणून ते उभे होते. त्या आल्याच नाहीत. ते आणखी जड गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात जागृतीच्या फोनवर हरेशचा मेल आला. घरून काम मंजूर, डॉक्टर म्हणतील तोवर. जागृती घरी आल्यावर लॅपटॉप घेऊन अक्षता स्वतः मोऱ्याला आली.

जागृतीनं थंड दूध-भात गिळत पहिलं फाइलिंग केलं. दर थोड्या वेळानं ती रुमाल ओठांना लावायची, उघडून बघायची. पांढराच निघायचा, तरी तिचा विश्वास बसत नव्हता.