बर्फाचा वेग

मला त्या वर्षी कायम करणार होते. चार वर्षं मी जळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत हंगामी बाई म्हणून होते. झाडणं, पाणी भरणं, काचेची भांडी पुसणं, आणि एक काम जे मला फार आवडायचं: नळीसाठी फिल्म कापणं.

नळी म्हणजे विहिरीच्या पंपाच्या पाइपातून केलेली लांब शॉक ट्यूब. आमचे धाकटे सर तिच्यावर प्रबंध लिहून डॉक्टर होणार होते. वर्कशॉपमधल्या फिटर आबांनी ती पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी घोड्यांवर बसवली होती. नळीचे दोन भाग, मधे एक पडदा. पडद्यासाठी दवाखान्यातून जुने एक्स-रे यायचे. त्यातून मी वाटीएवढ्या गोल चकत्या कापायची आणि प्रत्येकीवर ब्लेडने फुलीचा हलका चरा द्यायची, म्हणजे पडदा फाटला की चार पाकळ्या होऊन उघडायचा, तुकडे उडायचे नाहीत. कुणाच्या बरगड्या, कुणाचा गुडघा. चरा देताना मी मनात त्या माणसाची क्षमा मागायची.

एका भागात टायर भरायच्या कॉम्प्रेसरने हवा दाबायची, दुसऱ्यात आपली साधी हवा. काटा ठरल्या जागी आला की आबा सळईच्या टोकाची सुई पडद्याला टोचायचे. फाट्! धाकट्या सरांनी एकदा मला समजावलं होतं. दाबलेली हवा धावते, पण तिच्याही पुढे, शांत हवेतून दाबाची एक भिंत धावते. ती भिंत म्हणजे शॉक. नळीत एकमेकांपासून एक मीटरवर दाब जाणवणारी दोन बटणं बसवलेली होती. भिंत बटणावरून गेली की टीव्हीसारख्या काचेच्या यंत्रावर हिरवी रेघ उडी मारायची. दोन उड्यांमधलं अंतर म्हणजे वेळ. त्यावरून वेग. मग त्या वेगाला आवाजाच्या वेगाने भागायचं, आणि येणाऱ्या आकड्यावरून भिंतीच्या मागचा दाब किती पट झाला ते काढायचं. तिसरं बटण तोच दाब सरळ मोजायचं. हिशोबाचा दाब आणि मोजलेला दाब जुळले की सर डॉक्टर.

थंडीत ते जवळजवळ जुळायचे. चैत्र लागला आणि फाटाफूट झाली. हिशोब म्हणे अडीच पट, बटण म्हणे दोनच्या जरा वर.

आमचे मोठे सर, म्हणजे विभागप्रमुख, नळीला कधी हात लावायचे नाहीत. कागदाला मात्र लगेच लावायचे. त्यांनी मेमो काढला: पडदे सदोष कापल्यामुळे निष्कर्षांत तफावत येत आहे, संबंधित बाईंनी दक्षता घ्यावी, अन्यथा कायम करण्याबाबत फेरविचार होईल. संबंधित बाई मीच. मी सही केली. मला कुणासमोर बोलता येत नाही, सही मात्र येते.

"बठ्ठं खापर तुन्हा डोकावर, अक्का," आबा म्हणाले. "पाइप मन्हा, यंत्र सरांचं, आणि चूक तुन्ही! कात्री काही बोलत नही, म्हनीसन."

"मी तर तशीच कापते, आबा."

"सांग ना मंग त्यास्ले."

"तुम्हीच सांगा."

"मी? मन्हा पाइपबी सदोष निंघी मंग!"

घरी रात्रीच्या भाकरी करताना माझ्या डोक्यात ते दोन आकडे फिरत राहायचे. चौथीपर्यंतच शिकले, पण आकडे वाचता येतात. सरांचं टेबल पुसताना मी त्यांच्या वहीत पाहिलं: जसजसं ऊन चढलं, तसतशी तफावत वाढली. मला ते कळलं, कारण उन्हाचा रकाना मीच भरायची. आधीच्या कुठल्या तरी साहेबांनी ठरवून दिलं होतं की शेडमधल्या थर्मामीटरचा आकडा सकाळ-दुपार रजिस्टरात लिहायचा. साहेब बदलून गेले, रकाना राहिला. दर शनिवारी मोठे सर त्याखाली 'पाहिले' लिहून सही करायचे. मी एकदा रजिस्टर उघडून धाकट्या सरांच्या वहीशेजारी ठेवलं. त्यांनी त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

मग धाकट्या सरांचं काम तपासायला विद्यापीठाकडून एक पाहुणे आले. म्हातारे, साध्या सदऱ्यातले. मोठ्या सरांनी भर दुपारी कोट घातला होता. शेडमध्ये भट्टी पेटल्यासारखं झालं होतं.

आबांनी सुई टोचली, पडदा फाटला. धाकट्या सरांनी रेघ मोजली. एक मीटरला सेकंदाच्या हजार भागांतले दोन भाग. वेग पाचशे मीटर. हिशोब, अडीच पट. बटण, दोनच्या जरा वर.

"पडदा," मोठे सर लगेच म्हणाले. "आमच्या बाई कापतात. अशिक्षित आहेत. समज दिली आहे."

मी दाराआड उभी होते. पाहुण्यांनी फाटलेली चकती उचलून उजेडात धरली. चार पाकळ्या सारख्या.

"चांगली कापलीय की! आणि वाईट कापली असती तर शॉक मंद झाला असता. मग वेग कमी आणि दाबही कमी. दोघं हातात हात घालून खाली आले असते. इथे तर एक माडीवर, एक ओसरीत. आवाजाचा वेग किती धरला?"

"तीनशे बत्तीस," धाकटे सर म्हणाले. "पुस्तकातला."

"कुठल्या तापमानाचा?"

धाकट्या सरांनी मोठ्या सरांकडे पाहिलं.

"खोलीच्या तापमानाचा," मोठे सर ठामपणे म्हणाले.

"या खोलीच्या?" पाहुण्यांनी मानेवरचा घाम पुसला. "किती आहे ते?"

मोठे सर म्हणाले, "सर्वसाधारण."

माझे पाय कसे हलले ते मला आजही सांगता येत नाही. मी रजिस्टर नेऊन टेबलावर उघडं ठेवलं, बोट रकान्यावर टेकवलं आणि परत दाराआड गेले.

"त्रेचाळीस!" पाहुणे म्हणाले. "अहो, तीनशे बत्तीस हा शून्य अंशाचा, बर्फाचा वेग. या उन्हात आवाज तीनशे छप्पन्नने धावतो. भागा पाचशेला."

धाकट्या सरांनी भागलं. एक पूर्णांक चार दशांश. मग त्यांनी पुढचा हिशोब केला. दोन पूर्णांक तेरा शतांश. बटणाचा आकडा तोच.

"आणि हे गेला महिनाभर इथे लिहिलेलंच आहे," पाहुणे पान उलटत म्हणाले. "खाली 'पाहिले' कुणाचं?"

मोठ्या सरांनी कोटाचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

आबा बाहेर येऊन हळूच म्हणाले, "अक्का, तू तर बॉम्ब फोडा!" मी पदर तोंडावर धरून हसले.

धाकटे सर पुढे डॉक्टर झाले. थर्मामीटर एवढं महत्त्वाचं निघाल्यामुळे मोठ्या सरांनी ते आपल्या कपाटात कुलूपबंद केलं. धाकट्या सरांनी स्वतःच्या खर्चाने दुसरं आणलं आणि रकाना भरायला मलाच सांगितलं.

पावसाळ्याआधी माझा कायमचा हुकूम आला. त्यात लिहिलं होतं की मेमो दिल्यानंतर बाईंच्या पडदे कापण्यात लक्षणीय सुधारणा झाली, निष्कर्ष जुळू लागले, सबब त्यांना कायम करण्यात येत आहे. मी दोनदा वाचलं. मग सही केली आणि शेडमध्ये जाऊन कुणाच्या तरी बरगड्यांची चकती कापली, अगदी मेमोच्या आधी कापायची तशीच.